कॉपीचा संशय आणि पहिला मेल

दुसऱ्या वर्षाच्या संगणकशास्त्राच्या वर्गाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवणाऱ्या माझ्या एका सहकारी बाईंनी दोन प्रोग्रॅमच्या प्रिंटआउट माझ्यासमोर ठेवल्या. वरची नावं आणि रोल नंबर त्यांनी पेनाने खोडून टाकले होते. दोन्ही प्रोग्रॅम एकाच असाइनमेंटचे होते. इनफिक्स पदावली पोस्टफिक्समध्ये बदलायची, म्हणजे पदांच्या मधलं चिन्ह त्या पदांनंतर आणायचं, आणि त्यासाठी लिंक्ड लिस्टवर स्टॅक बांधायचा, असं काम दिलेलं होतं. टर्मवर्कच्या गुणांत ही असाइनमेंट धरली जाणार होती. बाईंचं म्हणणं होतं की एकाने दुसऱ्याचं उतरवलंय हे उघड आहे, फक्त मेल कसा लिहू ते सांगा. हे प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो आहे ते त्या मेलसाठीच. कॉलेज आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

मेलकडे जाण्याआधी बाईंच्या हातात नेमकं काय होतं ते पाहायला हवं, कारण मेलमध्ये किती म्हणता येतं ते त्यावरच ठरतं. त्यांनी वर्गाच्या सगळ्या फाइल्स मॉस या साधनातून काढल्या होत्या. 1994 साली तयार झालेलं हे साधन प्रोग्रॅममधल्या सारखेपणाचे तुकडे शोधतं. व्हेरिएबलची नावं बदलली, ओळींमध्ये मोकळी जागा सोडली तरी ते फसत नाही. पण ते सारखेपणा दाखवतं, चोरी नाही. दाखवलेले तुकडे माणसाने स्वतः वाचून ठरवायचे असतात, हे साधनाच्या कर्त्यांनीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. बाईंच्या यादीत ही जोडी सर्वांत वर होती आणि जुळणारा भाग फाइलच्या अर्ध्याहून बराच जास्त दिसत होता.

मी पहिला प्रश्न विचारला तो लॅबमध्ये वाटलेल्या सांगाड्याबद्दल. स्टॅकचं स्ट्रक्चर, `push`, `pop` आणि `isEmpty` ही फंक्शन्स बाईंनीच वर्गाला दिली होती. तो भाग सगळ्यांकडे सारखाच असणार. मॉसला तो वगळायला सांगता येतं:

```
./moss -l c -b stack_base.c *.c
```

`-b` पुढची फाइल शिक्षकाने दिलेला मूळ कोड आहे असं समजून साधन तो हिशेबातून काढून टाकतं. अशी फेरी पुन्हा मारल्यावर वर्गातल्या बऱ्याच जोड्या यादीतून गायब झाल्या. ही जोडी राहिली, पण जुळणारा भाग अर्ध्याच्या खाली आला. (फाइल्स बाहेरच्या सर्व्हरवर जातात, तेव्हा फाइलच्या नावात किंवा आतल्या कॉमेंटमध्ये विद्यार्थ्याचं नाव राहू देऊ नये. बाईंनी ते आधीच काढलं होतं.)

मग उरलेला भाग आम्ही ओळीओळीने वाचला. बाईंचा सगळा भर एका चुकीवर होता. दोन्ही प्रोग्रॅम `A^B^C` चं उत्तर `AB^C^` असं देत होते, बरोबर उत्तर `ABC^^` आहे. घातांकाचं चिन्ह उजवीकडून जोडलं जातं, पण दोघांनीही ही ओळ लिहिली होती:

```
while (!isEmpty(s) && prec(peek(s)) >= prec(ch))
```

इथे `>=` मुळे `^` सुद्धा `+` सारखाच डावीकडून जोडला जातो. चूक सारखी आहे हे खरं, पण ही चूक दरवर्षी निम्मा वर्ग स्वतंत्रपणे करतो. अनेक वह्यांमध्ये आणि इंटरनेटवरच्या उत्तरांमध्ये ती जशीच्या तशी सापडते. सगळ्यांच्या हातून होणारी चूक दोघांच्या हातून झाली, यातून काही सिद्ध होत नाही. खरं वजन दुसऱ्या दोन गोष्टींना होतं. दोन्ही प्रोग्रॅममध्ये `%` ला `^` च्या बरोबरीची प्राथमिकता दिलेली होती. ही चूक सहसा कुणी करत नाही, कारण `%` हे `*` आणि `/` च्या सोबत असतं हे पहिल्या सत्रातच शिकवलेलं असतं. आणि दोन्हीकडे `displayRev` नावाचं एक फंक्शन होतं, जे कुठूनच बोलावलेलं नव्हतं. या असाइनमेंटमध्ये त्याचं कामच नाही.

एवढ्यावरून काय म्हणता येतं? दोन्ही प्रोग्रॅमचा काही भाग एकाच ठिकाणाहून आला आहे, इतकंच. तो पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडून पहिल्याकडे, की दोघांनीही तिसरीकडून घेतला, हे कागद सांगत नाही. आधी कुणी अपलोड केलं यावरूनही दिशा कळत नाही, कारण मित्राची फाइल घेणारा कधी कधी तीच आधी जमा करून मोकळा होतो. बाईंची खात्री आणि बाईंचा पुरावा यांमध्ये हे अंतर होतं. पहिल्या मेलमध्ये पुरावा जिथवर जातो तिथवरच जायचं असतं.

आता मेल. बाईंनी आधी लिहून आणलेला मसुदा थोडक्यात असा होता:

«तुझी असाइनमेंट कॉपी केलेली आढळली आहे. यूजीसीच्या नियमानुसार 10 ते 40 टक्के साम्य असल्यास कारवाई होते. उद्या सकाळी 10 वाजता एचओडींच्या केबिनमध्ये हजर राहावे. खरं काय ते स्वतःहून सांगितल्यास मार्क कापले जाणार नाहीत, अन्यथा पालकांना बोलावण्यात येईल.»

चांगल्या शिक्षकांच्या हातूनही असेच मेल जातात. मनात राग असतो, आणि शंभर सबमिशन तपासून झालेला थकवाही असतो. पण या पाच ओळींनी पुढची भेटच निकामी केली असती.

पहिल्या वाक्यात निकाल दिलेला आहे. तो वाचल्यावर विद्यार्थ्यापुढे दोनच वाटा उरतात, कबूल करणं किंवा नाकारणं. काय घडलं ते सांगण्याला त्यात जागाच नाही. दुसरं वाक्य तर नियम म्हणूनच चुकीचं आहे. साहित्यचोरीला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये केलेल्या विनियमांमध्ये 10, 40 आणि 60 टक्क्यांच्या पायऱ्या आहेत हे खरं. पण त्या पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी आणि प्रकाशित होणाऱ्या लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि उत्तरपत्रिका त्याच विनियमांत व्याख्येतूनच वगळल्या आहेत. दुसऱ्या वर्षाच्या प्रोग्रॅमला ते लावताच येत नाहीत. विद्यार्थ्याच्या घरात किंवा ओळखीत कुणी जाणतं माणूस असेल तर त्याला हा मेल खोडायला एक दिवसही लागणार नाही, आणि मग `%` आणि `displayRev` चा खरा प्रश्न बाजूलाच पडेल. असाइनमेंटला लागू होतो तो कॉलेजचा स्वतःचा नियम आणि असाइनमेंटच्या कागदावर छापलेली सूचना. नियमाचा आधार द्यायचा असेल तर तोच द्यायचा.

सर्वांत घातक होतं ते «स्वतःहून सांगितल्यास मार्क कापले जाणार नाहीत». हे बाईंनी मनापासून, विद्यार्थ्याच्या भल्यासाठी लिहिलं होतं. पण अधिकाराच्या जागेवरून दाखवलेल्या आमिषाने किंवा धाकाने मिळालेल्या कबुलीवर विसंबता येत नाही. 1872 च्या भारतीय साक्ष अधिनियमात फौजदारी खटल्यांसाठी कलम 24 मध्ये हेच सांगितलेलं होतं. कॉलेजची चौकशी म्हणजे खटला नव्हे, पण कारण तेच राहतं. एकोणीस वर्षांचं पोर मार्क वाचावेत म्हणून न केलेलंही कबूल करतं. शिवाय हे वचन पाळणं बाईंच्या हातात नव्हतं. कॉलेजच्या नियमाप्रमाणे मोठं प्रकरण विभागाकडे कळवणं त्यांना बंधनकारक होतं.

पालकांबद्दलही आमचं बोलणं झालं. आपल्याकडे «घरच्यांना घेऊन ये» हे शाळेपासूनच तोंडी बसलेलं वाक्य आहे. विद्यार्थी आता सज्ञान आहे, आणि काहीच ठरलेलं नसताना घरी कळवणं म्हणजे चौकशीआधीच शिक्षा देणं. ज्या घरांतून मुलीचं शिक्षण कुठल्याही निमित्ताने थांबवलं जाऊ शकतं, तिथे या शिक्षेचं वजन शिक्षकाला दुरून कळतही नाही.

आम्ही बसून मसुदा नव्याने लिहिला. बाईंनी तो मराठीतच पाठवला. वर्गातली बरीच मुलं बारावीपर्यंत मराठी माध्यमातली होती, आणि इंग्रजीत आलेला मेल त्यांना नोटिसीसारखा वाटतो. बाई वर्गात मुलांना «तू» म्हणतात, तेच मेलमध्येही ठेवलं. शेवटचा मजकूर हा:

«विषय: डेटा स्ट्रक्चर्स, असाइनमेंट 4 बद्दल भेट

प्रिय …,

तुझी चौथी असाइनमेंट तपासताना तिच्यातले काही भाग वर्गातल्या दुसऱ्या एका सबमिशनशी जुळताना दिसले. लॅबमध्ये मी दिलेला कोड बाजूला काढूनही ते जुळतात. मुख्यतः `prec` हे फंक्शन आणि `displayRev`. असं कशामुळे झालं हे मला माहीत नाही, आणि मी काहीही ठरवलेलं नाही. ठरवण्याआधी तुझ्याकडून ऐकायचं आहे.

बुधवारी दुपारी 2.30 किंवा गुरुवारी सकाळी 11.15 यांपैकी तुला कोणती वेळ जमेल? दोन्ही वेळांना तुमचं लेक्चर नाही. जमत नसेल तर तुझ्या सोयीची वेळ सुचव. लॅबशेजारच्या छोट्या खोलीत बसू, साधारण वीस मिनिटं लागतील. मी एकटीच असेन. सोबत मैत्रीण, मित्र किंवा दुसरे कुणी शिक्षक असावेत असं वाटलं तर जरूर आण, फक्त आधी कळव.

ही असाइनमेंट तू कशी करत गेलीस हे दाखवणारं काही असेल, जसं की कच्ची वही किंवा आधीच्या फाइल्स, तर सोबत आण. तोपर्यंत त्या फाइल्समध्ये बदल करू नकोस. काही नसलं तरी ये.

ही औपचारिक चौकशी नाही. एका सहकाऱ्यांचा सल्ला घेतला, पण तुझं नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही. आपलं बोलणं झाल्यावर शंका मिटली तर विषय तिथेच संपेल. मिटली नाही तर असाइनमेंटच्या कागदावरच्या सूचना क्र. 5 प्रमाणे विभागाला कळवावं लागेल, पण ते करण्याआधी मी तुला सांगेन. या असाइनमेंटचे मार्क सध्या थांबवले आहेत, कापलेले नाहीत.

उत्तरात स्पष्टीकरण लिहायची गरज नाही, फक्त वेळ कळव.»

दुसऱ्या विद्यार्थ्यालाही हाच मजकूर, «गेलीस» च्या जागी «गेलास», एवढ्याच बदलाने, त्याच वेळी गेला. हे मुद्दाम होतं. एकाला आधी पाठवला तर दुसऱ्याला बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर कळते, आणि ज्याला आधी गेला तो वर्गाच्या नजरेत आरोपी ठरतो. दोघं आपसात बोलतील हे आम्ही गृहीत धरलं होतं. त्याची फार चिंता करू नये, कारण गोष्ट ठरवून सांगता येते, पण न समजलेला कोड समजावून देण्याची तयारी एका रात्रीत होत नाही.

मेलमध्ये जुळणाऱ्या फंक्शन्सची नावं का दिली, असं बाईंनी विचारलं. त्यांना भीती होती की विद्यार्थी तेवढंच पाठ करून येईल. माझ्या मते नावं द्यायलाच हवीत. «तुझ्या असाइनमेंटबद्दल बोलायचं आहे» एवढंच लिहिलं तर प्रामाणिक विद्यार्थी दोन रात्री तळमळतो आणि तयारीशिवाय समोर येऊन बसतो. ज्याने स्वतः लिहिलं आहे त्याला आपली वही शोधायला या नावांचा उपयोग होतो, आणि ज्याने लिहिलेलं नाही त्याचा त्यातून फारसा फायदा होत नाही. मात्र प्रिंटआउट, टक्केवारी आणि त्या ओळी मेलला जोडल्या नाहीत. टक्क्याचा आकडा एकदा मेलमध्ये आला की पुढची सगळी चर्चा त्या आकड्यावरच होते. दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव अर्थातच नव्हतं, आणि त्याच्या ओळीही नव्हत्या, कारण स्वतःचा कोड कुणीही ओळखतो.

मेल सोमवारी सकाळी गेला. शुक्रवारी संध्याकाळी असा मेल पाठवला तर विद्यार्थ्याला शनिवार-रविवार कुणाला विचारताही येत नाही.

मुलीचं उत्तर दुपारीच आलं, बुधवारची वेळ चालेल म्हणून. मुलाचं आलं नाही. मंगळवारी बाई म्हणाल्या, बघा, गप्प बसलाय. पण कॉलेजच्या मेलवर गप्प राहण्याचा अर्थ लावूच नये. मुलं तो मेल आठवडा आठवडा उघडत नाहीत, त्यांच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात. ग्रुपवर विचारणं किंवा वर्गात नाव घेऊन बोलावणं तर शक्यच नव्हतं. प्रॅक्टिकल संपून मुलं पांगल्यावर बाईंनी त्याला एवढंच विचारलं, «मेल पाहिलास का? आज पाहून घे.» संध्याकाळी उत्तर आलं, गुरुवारी येतो.

भेटी कशा झाल्या हे मला बाईंनी नंतर सांगितलं, नावं तेव्हाही घेतली नाहीत. खोलीचं दार उघडं होतं. दोघांनाही पहिला प्रश्न एकच विचारला, ही असाइनमेंट सुरुवातीपासून कशी केलीस ते सांग. त्यानंतर त्यांचाच कोड समोर ठेवून `A^B^C` कागदावर सोडवायला दिलं, स्टॅकमध्ये प्रत्येक पायरीला काय आहे ते लिहीत.

मुलीने स्टॅक व्यवस्थित चालवला. चौथ्या पायरीला ती थांबली आणि स्वतःच म्हणाली, इथे `^` बाहेर काढायला नको होता. `%` बद्दल विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने सांगितलं की `prec` फंक्शन तिने लिहिलेलं नाही. मागच्या वर्षीच्या कुणा सीनियरची फाइल मुलांमध्ये फिरत होती, त्यातून तेवढं घेतलं, आणि `displayRev` त्याच्यासोबत चिकटून आलं. बाकीचं तिचं होतं. वहीत तीन पानं खाडाखोड होती, तारखांसह.

मुलाने वही आणली नव्हती. त्याने पूर्ण फाइल घेतली होती, व्हेरिएबलची नावं बदलली होती आणि कॉमेंट काढून टाकल्या होत्या. `peek` आणि `pop` यांत फरक काय, हे त्याला सांगता आलं नाही. फाइल घेतल्याचं त्याने लगेच मान्य केलं आणि एक गोष्ट सांगितली जी मला महत्त्वाची वाटते: जर्नल आम्ही सगळेच एकमेकांचं पाहून लिहितो, तेव्हा कुणी काही म्हणत नाही. हे खोटं नाही. सबमिशनच्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये बसून मुलं जर्नलं उतरवत असतात आणि आम्ही शिक्षक शेजारून जातो. त्यामुळे त्याचं कृत्य क्षम्य ठरत नाही, पण नियम त्याला माहीत होता हे गृहीत धरताना थांबावं लागतं. इथे असाइनमेंटच्या कागदावर सूचना छापलेली होती, म्हणून बाईंना तिच्यावर बोट ठेवता आलं.

दोघांनी एकमेकांचं काहीही घेतलेलं नव्हतं. बाईंचा पहिला मसुदा गेला असता तर एकावर दुसऱ्याची कॉपी केल्याचा आणि दुसऱ्यावर कॉपी करू दिल्याचा आरोप झाला असता. दोघांनीही तो नाकारला असता, आणि त्यांचं नाकारणं खरं असतं. तिसरी फाइल कधी समोरच आली नसती.

प्रत्येक भेटीनंतर बाईंनी त्याच दिवशी एक छोटा मेल पाठवला. आपण काय बोललो, तू काय सांगितलंस, मी काय करणार आहे, यात काही चुकलं असेल तर दोन दिवसांत कळव. पहिला मेल जितका सावध असायला हवा, तितकीच ही नोंदही हवी. पुढे प्रकरण वर गेलं तर आठवणीवर भांडण होत नाही.

मुलीला `prec` नव्याने लिहायला सांगितलं आणि घेतलेल्या भागाचा स्रोत फाइलच्या वर नोंदवायला लावला. त्या फंक्शनचे मार्क गेले, बाकीचे मिळाले, आणि विषय तिथेच संपला. मुलाचं प्रकरण विभागाकडे गेलं. जाण्याआधी बाईंनी त्याला ते समोर बसवून सांगितलं. त्या असाइनमेंटला शून्य मिळालं आणि वेगळी असाइनमेंट प्रयोगशाळेत बसून करायला दिली. घरी कळवलं नाही, कारण कॉलेजच्या नियमात पहिल्या वेळी ते नव्हतं.

काही गोष्टी या पद्धतीने सुटल्या नाहीत. फाइल कुणी फिरवली हे बाईंनी दोघांनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर भेट साक्ष काढण्याची झाली असती, आणि मेलमध्ये तसं म्हटलेलं नव्हतं. तीच फाइल वर्गात आणखी कुणी वापरली असेल तर मॉसच्या यादीत ते खाली कुठेतरी, पुरेसं बदललेलं, राहून गेलं असेल. आणि सगळीच प्रकरणं अशा मेलने सुरू करता येत नाहीत. विद्यापीठाच्या परीक्षेत सापडलेली कॉपी, दुसऱ्याच्या लॉगिनमधून चोरलेली फाइल किंवा पैसे देऊन करून घेतलेला प्रोजेक्ट असेल, तर शिक्षकाने एकट्याने आधी बोलणं नियमांत बसत नाही. तिथे थेट समितीकडेच जावं लागतं.

पुढच्या सत्रात बाईंनी इनफिक्सचा प्रश्न बदलला. नवीन प्रश्नात एक चिन्ह त्यांनी स्वतः ठरवलेलं होतं, आणि त्याची प्राथमिकता प्रत्येक बॅचला वेगळी.